कन्सेंट ऑर्डरचा एका पानाचा सारांश : मर्यादा, अहवाल आणि मुदत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा ‘कन्सेंट टू ऑपरेट’ हातात पडला की प्लांटच्या पर्यावरण अधिकाऱ्याला त्यातून तीन गोष्टी काढाव्या लागतात : प्लांट कोणत्या मर्यादेत चालवायचा, काय केव्हा कळवायचं आणि हे सगळं कधीपर्यंत वैध आहे. खालची उत्तरं एकाच नमुना आदेशावर आधारली आहेत. रासायनिक इंटरमीजिएट बनवणारा, रेड कॅटेगरीतला, कोळशाच्या बॉयलरचा आणि सीईटीपीला जोडलेला एक मध्यम प्लांट धरला आहे. त्यातले आकडे समजावण्यासाठी आहेत. तुमचे आकडे तुमच्या आदेशातूनच घ्या.

आदेश पंधरा-वीस पानांचा असतो. वाचायला सुरुवात कुठून करायची?

मागून. पहिल्या पानांवर उत्पादन, सांडपाणी, चिमण्या आणि कचऱ्याचे तक्ते असतात, त्यामुळे सगळे तिथेच थांबतात. पुढे चार परिशिष्टं असतात : पहिलं पाण्याचं, दुसरं हवेचं, तिसरं बँक गॅरंटीचं आणि चौथं सर्वसाधारण अटींचं. तिसऱ्यापासून सुरुवात करा. बँक गॅरंटी कशासाठी मागितली आहे हे वाचलं, की या प्लांटबद्दल मंडळाला नेमकी कशाची काळजी आहे ते कळतं.

मग मागचा आदेश शेजारी ठेवून ओळीला ओळ लावा. बहुतेक मजकूर ठरलेल्या नमुन्यातला, जसाच्या तसा आलेला असतो. जी ओळ नवी आहे किंवा जिच्यातला आकडा बदललाय, ती कोणीतरी तुमच्या प्लांटची फाइल बघून लिहिलेली आहे. अशा ओळींना रंग लावा. सारांशात त्या आधी यायला हव्यात.

मर्यादेच्या तक्त्यातली एक ओळ कशी लिहायची?

‘सीओडी 250’ एवढं लिहून ईटीपीच्या भिंतीवर चिकटवलेला कागद अनेक ठिकाणी दिसतो. त्याचा उपयोग नाही, कारण 250 कुठे मोजायचं हेच त्यात नाही. प्रत्येक ओळीत सहा गोष्टी हव्यात : काय, किती, कोणत्या एककात, कुठे मोजायचं, किती कालावधीसाठी, आणि आदेशातलं पान व अट क्रमांक. पूर्ण ओळ अशी दिसेल :

> सीओडी, कमाल 250, मिग्रॅ प्रति लिटर, ईटीपीच्या अंतिम टाकीचा आउटलेट (सीईटीपीच्या लाइनला जोडण्याआधी), प्रत्येक नमुन्याला, परिशिष्ट 1 अट 1(ब), पान 5

पान आणि अट क्रमांक लिहायचा कंटाळा करू नका. तपासणीला आलेले फील्ड ऑफिसर ‘हे कुठे लिहिलंय?’ असं विचारतात, तेव्हा उत्तर दहा सेकंदांत देता आलं पाहिजे. शिवाय शब्द आदेशाचेच ठेवा. आदेशात ‘नॉट टू एक्सीड’ असेल तर सारांशात ‘साधारण’ किंवा ‘सुमारे’ येता कामा नये.

उत्पादन महिन्याला 100 टन मंजूर आहे. वर्षाचे 1,200 टन पाळले तर चालेल का?

नाही. एकक ‘एमटी प्रति महिना’ असेल तर हिशेब महिन्याचाच. जुलैत 112 टन काढून ऑगस्टमध्ये 80 टनांवर थांबलात, तरी जुलैचं उल्लंघन तसंच राहतं. सारांशात वर्षाचा आकडा लिहूच नका. लिहिला की प्लॅनिंगवाले तोच धरून चालतात.

तक्त्याखालची बारीक अक्षरातली ओळही पाहा. दोन उत्पादनांपुढे वेगवेगळे आकडे असतात आणि खाली ‘एकत्रित उत्पादन अमुक टनांपेक्षा जास्त नाही’ किंवा ‘अ किंवा ब’ असं असतं. नमुना आदेशात अ 100 टन, ब 50 टन आणि एकत्रित 120 टन आहे. म्हणजे दोन्ही एकाच महिन्यात पूर्ण क्षमतेने चालवता येत नाहीत. ही ओळ सुटली तर प्रत्येक उत्पादन आपापल्या मर्यादेत असूनही प्लांट मर्यादेबाहेर जातो. उपउत्पादनांचीही तीच गोष्ट आहे : तुम्ही विकता ते तक्त्यात नसेल, तर मंडळाच्या दृष्टीने तो मंजुरी नसलेला माल आहे.

सांडपाण्याचे तीन-चार आकडे आहेत. मर्यादा नेमकी कोणती?

नमुना आदेशात असं आहे : औद्योगिक सांडपाणी 60 सीएमडी (म्हणजे दिवसाला 60 घनमीटर), त्यातलं 36 प्रक्रिया करून परत वापरायचं, उरलेलं 24 सीईटीपीला. घरगुती सांडपाणी वेगळं, 8 सीएमडी. आणि परिशिष्ट 1 मध्ये ‘ईटीपीची क्षमता 75 सीएमडी’.

यातला 75 हा मर्यादेचा आकडा नाही. तो यंत्रणेचा आकार आहे. तरी बऱ्याच सारांशांत तोच मर्यादा म्हणून बसलेला असतो, कारण तो ठळक दिसतो. खऱ्या मर्यादा तीन : ईटीपीच्या इनलेटला 60, सीईटीपीच्या लाइनवर 24 आणि घरगुती 8. पुनर्वापराचे 36 ही मर्यादा नसून किमान अट आहे, म्हणून तिच्यापुढे ‘किमान’ हा शब्द लिहा. इनलेट कमी असेल त्या दिवशी 36 येणारच नाहीत. त्या दिवशी 60 टक्के पुनर्वापर झाला का, हे पाहायचं. ही टक्केवारी आदेशात लिहिलेली आहे की तुम्ही काढली, तेही नोंदवा.

आता मोजणीतला दोष. सीईटीपीच्या लाइनवर तासाला एक घनमीटर सारखं वाहतंय, म्हणजे दिवसाला बरोबर 24. सोमवारी टोटलायझरचं रीडिंग सकाळी 8 वाजता घेतलं आणि मंगळवारी गडबडीत 11 वाजता. लॉगबुकात फरक 27 दिसेल. पाणी एक थेंबही जास्त गेलं नाही, पण कागदावर उल्लंघन झालं, आणि बुधवारी पुन्हा 8 वाजता घेतलं की 21 दिसून शंका वाढते. म्हणून सारांशात मर्यादेशेजारी रीडिंगची ठरलेली वेळही लिहा. इतक्या काठावर चालणाऱ्या लाइनला स्वतःची आतली मर्यादाही हवी. 24 च्या जागी 21 किंवा 22 ला शिफ्ट इन्चार्जला फोन गेला पाहिजे.

बॉयलरच्या तक्त्यात कोळसा, गंधक आणि सल्फर डायऑक्साइड असे तीन आकडे आहेत. तिन्ही पाळले की झालं ना?

इथे थोडं थांबा, कारण ते तीन आकडे एकमेकांशी जुळत नसण्याची शक्यता बरीच असते. नमुना आदेशातला बॉयलर असा : कोळसा दिवसाला 24 टन, कोळशातलं गंधक कमाल 0.5 टक्के, सल्फर डायऑक्साइड कमाल 200 किलो दिवसाला, धूलिकण 150 मिग्रॅ प्रति सामान्य घनमीटर, चिमणी 30 मीटर.

गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो तेव्हा त्याचं वजन दुप्पट होतं. म्हणून दिवसाचा हिशेब असा :

```
SO2 (kg/day) = coal (kg/day) × S% / 100 × 2
24000 × 0.5 / 100 × 2 = 240
```

कोळसा मर्यादेत, गंधक मर्यादेत, तरी सल्फर डायऑक्साइड 240 किलो, म्हणजे मर्यादेपेक्षा 40 किलो जास्त. थोडं गंधक राखेत अडकतं हे खरं, पण त्याचा भरवसा धरू नका. पूर्ण गंधक जळतं असं मानूनच हिशेब करा. उलटा हिशेब केला तर 24 टन जाळायचे असतील तेव्हा गंधक 0.41 टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि 0.5 टक्के गंधकाचा कोळसा आला तर दिवसाला 20 टनच जाळता येतात.

म्हणजे खरेदी विभागाला द्यायचा आकडा 0.5 नाही, 0.41 आहे. हा आकडा आदेशात कुठेच छापलेला नाही, तरी प्लांट त्यावरच चालतो. सारांशात तो ‘काढलेली मर्यादा’ म्हणून वेगळ्या रंगात द्या आणि शेजारी हिशेब ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला तो आदेशातला वाटणार नाही.

कोळशाच्या रिपोर्टमध्येही एक खाच आहे. लॅब बहुधा गंधक हवेत वाळवलेल्या नमुन्यावर देते, आणि तुम्ही वजन करता ते ओल्या कोळशाचं. समजा रिपोर्टवर गंधक 0.46 टक्के आहे, एकूण ओलावा 20 टक्के आणि वाळवलेल्या नमुन्यात उरलेला ओलावा 8 टक्के. आलेल्या कोळशावरचं गंधक होईल 0.46 × 80 ÷ 92, म्हणजे 0.40. गाडी परत पाठवायची गरज नव्हती. पण उन्हाळ्यात कोळसा कोरडा येतो तेव्हा हाच आकडा वर सरकतो. म्हणून प्रत्येक लॉटचा रिपोर्ट कोणत्या आधारावर आहे ते वाचूनच लॉट घ्या.

चिमणीची उंचीही लगेच तपासून घ्या. H = 14 × Q^0.3 या सूत्रात Q म्हणजे तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड. 240 किलोला Q येतो 10 आणि उंची सुमारे 28 मीटर. 30 मीटरची चिमणी पुरते, म्हणजे प्रश्न चिमणीचा नाही, कोळशाचा आहे.

घातक कचऱ्याचे आकडे वर्षाचे असतात. मग वर्षअखेरीला बघितलं तर काय बिघडलं?

दोन गोष्टी बिघडतात. पहिली, 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार कचरा प्लांटवर साठवायची मुदत सर्वसाधारणपणे 90 दिवस आहे. वर्षाचा आकडा पाळूनही साठा जुना झाला तर तो दोष स्वतंत्र मोजला जातो. म्हणून पोत्यांवरच्या लेबलवर भरल्याची तारीख हवी, आणि सारांशात वर्षाच्या मर्यादेशेजारी 90 दिवसांची ओळ हवी.

दुसरी गोष्ट फारशी कोणी बघत नाही. ईटीपीचा गाळ, म्हणजे वर्ग 35.3, वर्षाला 12 टन मंजूर आहे आणि तुम्ही 3 टनच पाठवला, तर ते कौतुकाचं लक्षण समजलं जात नाही. ईटीपी नीट चालत असेल तर गाळ निघायलाच हवा. मग तो गेला कुठे, हा प्रश्न येतो. दर तिमाहीला मंजूर प्रमाणाशी तुलना करा आणि मोठी तफावत असेल तर कारण तेव्हाच लिहून ठेवा.

अहवालांची वारंवारता आदेशात एका जागी नाही. ती कशी गोळा करायची?

आदेशातल्या तीन क्रिया वेगळ्या करा : मोजा, नोंदवा, सादर करा. ‘महिन्यातून एकदा तपासणी करावी’ याचा अर्थ रिपोर्ट दर महिन्याला मंडळाला पाठवा असा होत नाही, आणि ‘नोंद ठेवावी’ म्हणजे पाठवा असंही नाही. तिन्हींची सरमिसळ झाली की एकतर नको ते पाठवलं जातं किंवा पाठवायचं राहतं. कॅलेंडरच्या तक्त्यात क्रियेचा रकाना ठेवा.

| काय | क्रिया | केव्हा | आधार |
|---|---|---|---|
| ईटीपी आउटलेट, बाहेरच्या मान्य लॅबकडून | मोजा, सादर करा | आदेशात लिहिल्याप्रमाणे (नमुन्यात दर महिन्याला) | परिशिष्ट 1 |
| घातक कचऱ्याची नोंदवही, फॉर्म 3 | नोंदवा | कचरा निघेल तेव्हा | 2016 चे नियम |
| घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, फॉर्म 4 | सादर करा | 30 जूनपर्यंत | 2016 चे नियम |
| पर्यावरण विवरण, फॉर्म 5 | सादर करा | 30 सप्टेंबरपर्यंत | पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 |
| पर्यावरण मंजुरीचा अनुपालन अहवाल (मंजुरी लागू असेल तर) | सादर करा | 1 जून आणि 1 डिसेंबर | ईआयए अधिसूचना, 2006 |

फॉर्म 4 आणि फॉर्म 5 दोन्ही 31 मार्चला संपलेल्या वर्षाचे असतात, पण तारखा तीन महिन्यांच्या अंतराने येतात. गाळाचा आकडा दोन्हीकडे जातो. जूनमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये दुसरा गेला तर विसंगती तुमच्याच सहीने तयार होते. म्हणून फॉर्म 5 भरायच्या आधी फॉर्म 4 ची प्रत समोर ठेवा.

नमुन्यातून उतरलेल्या काही अटी आता मृत आहेत. जुन्या आदेशांत पाणी उपकराचं विवरण भरा असं दिसतं; तो उपकराचा कायदा 1 जुलै 2017 पासून रद्द झाला. अशी ओळ सारांशातून गुपचूप काढू नका. ‘कायदा रद्द, विवरण नाही, पाण्याचा मीटर आणि नोंद मात्र चालू’ असं लिहा. नाहीतर पुढचा अधिकारी ती राहून गेली समजून दिवस घालवेल.

मुदत म्हणजे कन्सेंटवरची तारीख, एवढंच ना?

ती एक तारीख झाली. मुदतीच्या रकान्यात निदान चार तारखा असायला हव्यात : कन्सेंटची, नूतनीकरणाच्या अर्जाची, बँक गॅरंटीची आणि त्या गॅरंटीमागच्या कामाची.

नमुना आदेश 31/08/2027 पर्यंत आहे आणि सर्वसाधारण अटींत मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी अर्ज करा असं म्हटलंय. 31 ऑगस्टपासून 60 दिवस मागे गेलं की 2 जुलै 2027 येते. तीच तुमची शेवटची तारीख. 31 ऑगस्ट कॅलेंडरमध्ये फक्त माहितीसाठी राहील. कागद जमवायला 120 दिवस आधी, म्हणजे 3 मेच्या सुमारास लागा. सर्वांत उशीर सीएच्या प्रमाणपत्राला होतो. आदेशात उद्योगाची भांडवली गुंतवणूक लिहिलेली असते आणि शुल्क त्यावर ठरतं. मधल्या काळात यंत्रं वाढली असतील तर आकडा बदलतो आणि फरकाचं शुल्क निघतं, अर्ज तिथेच अडतो. म्हणून गुंतवणुकीचा आकडाही सारांशात हवा.

बँक गॅरंटीची तारीख कन्सेंटच्या पुढे काही महिने मागितलेली असते. बँकेने मात्र ती वर्षभराचीच दिलेली असू शकते. आदेशातली तारीख आणि बँकेच्या कागदावरची तारीख दोन स्वतंत्र रकान्यांत लिहा. कमी असेल ती धरून स्मरण लावा. आणि ‘सहा महिन्यांत ऑनलाइन मीटर बसवा’ असं काम गॅरंटीला जोडलं असेल तर सहा महिने कुठून मोजायचे ते वाचा : आदेशाच्या तारखेपासून की आदेश मिळाल्यापासून. नक्की कळत नसेल तर लवकरची तारीख धरा.

मुदतीबाबतचे केंद्राचे आणि मंडळाचे नियम बदलत असतात. बदल तुमच्या आदेशाला लागू झाला असं वाटलं, तरी मंडळाकडून लेखी येईपर्यंत छापलेल्या तारखेनेच कॅलेंडर चालवा.

विस्तारासाठी दुसरा आदेश मिळाला. आता कोणता धरायचा?

दुसऱ्या आदेशाच्या विषयाची ओळ वाचा. ‘जुन्या आदेशाच्या जागी’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर जुना संपला. तो फक्त विस्तारापुरता असेल तर दोन्ही चालू आहेत, आणि सारांश दोन्हींचा मिळून करावा लागतो. प्रमाणं बेरीज होतात, प्रदूषकांची मानकं होत नाहीत. सांडपाणी 60 आणि 15 मिळून 75 होईल. पण एका आदेशात सीओडी 250 आणि दुसऱ्यात 200 असेल आणि आउटलेट एकच असेल, तर 200 पाळा. मुदतीही दोन राहतील. पुढच्या नूतनीकरणात दोन्ही एकत्र करून मागा.

आदेशातच चूक दिसली तर?

चूक सापडते ती सारांश करतानाच, कारण तेव्हाच आकडे एकमेकांशेजारी येतात. एककाची चूक नेहमीची : वर्षाचं प्रमाण महिन्याच्या रकान्यात, किंवा चिमणीची उंची जमिनीपासून की छतापासून हे गाळलेलं. चूक तुमच्या फायद्याची असली तरी कळवा. अर्जात भरलेला आकडा मंडळाकडे असतोच. दुरुस्तीचा अर्ज लगेच करा आणि पोच सारांशाला जोडा. एखादी अट मान्यच नसेल, तर पाणी आणि हवा या दोन्ही कायद्यांत अपिलाची मुदत आदेश कळवल्यापासून 30 दिवस आहे. म्हणून आदेश मिळाल्याची तारीख पहिल्याच दिवशी नोंदवा. दुरुस्ती हातात येईपर्यंत दोन्ही अर्थांतला कडक अर्थ पाळा.

तयार सारांश कसा तपासायचा आणि कोणाला द्यायचा?

तपासणी दुसऱ्या माणसाने करावी, आणि दोन दिशांनी. आधी सारांशातली प्रत्येक ओळ घेऊन आदेशात तिची अट शोधायची. यात चुकीचे आकडे सापडतात. मग आदेशाची प्रत्येक अट घेऊन सारांशात तिची ओळ शोधायची; यात सुटलेल्या अटी सापडतात. बहुतेक जण पहिलीच दिशा करतात, म्हणून सुटलेली अट सुटलेलीच राहते. ज्या अटीला ओळ नाही, तिच्यापुढे ‘लागू नाही, कारण…’ असं आदेशाच्या प्रतीवर पेनाने लिहा.

पूर्ण तक्ता तुमच्याकडे आणि प्लांट हेडकडे राहू द्या. बॉयलर अटेंडंटला त्यातल्या दोनच ओळी लागतात : आजच्या लॉटचं गंधक किती आणि त्यावर आज किती टन जाळायचे. ईटीपी ऑपरेटरला रीडिंगची वेळ आणि 22 चा आकडा. खरेदीला 0.41. प्रत्येक कागदाखाली आदेशाचा क्रमांक आणि तारीख छापा, आणि नवा आदेश आला की जुने कागद भिंतीवरून स्वतः काढा.